फोटोतला गोल वाफा: कोन ९८ अंश की ८०? लॉन ४२ चौरस फूट की ३४?

लांजेकर

मी नोकरीनिमित्त बडोद्यात असतो, घर लांज्याजवळ. अंगणात एक गोल वाफा आहे. त्याच्या मधोमध खुंटी ठोकून, तिथून कडेपर्यंत दोन दोऱ्या ताणून एक पाकळी आखून घेतली आहे. त्या पाकळीत लॉन लावायचं आणि तिच्या बाहेरच्या गोलाईला जांभ्याचे कापलेले तुकडे बसवायचे, असा बेत आहे. वाफ्याचा व्यास बागकामाचे काका १४ फूट सांगतात.

भाच्याने ड्रोनने काढलेला फोटो मला पाठवला. साधारण शंभर फुटांवरून, थोडा तिरका घेतलेला आहे. मी तो मोठा करून छापला आणि खुंटीवर कोनमापक ठेवून दोन दोऱ्यांमधला कोन मोजला. ९८ अंश आला. त्याचे रेडियन केले: ९८ × ३.१४१६ ÷ १८० = १.७१. त्रिज्या ७ फूट, म्हणजे कंसाची लांबी ७ × १.७१ = जवळपास १२ फूट. पाकळीचं क्षेत्रफळ ½ × ४९ × १.७१ = जवळपास ४२ चौरस फूट.

काका मात्र म्हणतात, "चौतीस फूट लॉन पुरे, जांभा पावणेदहा फूट." फरक आठ चौरस फुटांचा आहे. लॉन कमी आलं तर कडेला माती उघडी राहील आणि पावसात वाहून जाईल. माझ्या हिशेबात कुठे चूक दिसते का? फोटो खाली जोडला आहे.

---

बारावीची_आई

माझ्या मुलीच्या गृहपाठात अगदी असंच गणित होतं. अंश दिले असतील तर १८० ने भागून पायने गुणायचं, रेडियन दिले असतील तर उलट. तुमच्या मुलाने उत्तर बरोबर काढलंय, पायऱ्याही बरोबर आहेत. फक्त परीक्षेत एकक लिहायला विसरू नका म्हणावं, त्याचे गुण कापतात.

---

लांजेकर

ताई, गृहपाठ नाही हो, खरंच अंगणातला वाफा आहे. :) पायऱ्या बरोबर आहेत हे वाचून बरं वाटलं, पण मग काकांचं आणि माझं उत्तर जुळत का नाही?

---

हिशेबी_माणूस

रेडियनच्या भानगडीत पडायची गरजच नाही. दहावीला शिकलो तेच सूत्र लावा. पूर्ण परीघ २ × २२/७ × ७ = ४४ फूट. त्याचा ९८/३६० वा भाग म्हणजे ११.९८. पूर्ण क्षेत्रफळ १५४, त्याचा तेवढाच भाग ४१.९. तुमचंच उत्तर आलं.

राहिला प्रश्न फोटोचा. फोटो लहान करा, मोठा करा, कोन बदलत नाही. लांब्या बदलतात, कोन तसाच राहतो. तेव्हा ९८ बरोबर आहे आणि काकांनी अंदाजपंचे सांगितलं असावं. लॉन ४२ च मागवा.

---

आराखडा

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळे फोटो पाहिल्यावर राहवलं नाही. आधी एकच सांगा. छापलेल्या फोटोत वाफ्याची आडवी रुंदी किती भरते आणि उभी उंची किती?

---

लांजेकर

आडवा १८ सेंटिमीटर, उभा १२. खुंटीपासून वरच्या कडेपर्यंत ५.८ आणि खालच्या कडेपर्यंत ६.२.

---

आराखडा

मग उत्तर तिथेच आहे. जमिनीवरचं वर्तुळ तुमच्या कागदावर लंबवर्तुळ झालंय. हिशेबी म्हणतात ते सरळ वरून घेतलेल्या फोटोला लागू पडतं. सगळ्या बाजूंनी सारखं लहानमोठं केलं तर कोन टिकतो. पण तिरक्या फोटोत आडवी मापं जशीच्या तशी राहतात आणि उभी दबतात. इथे १८ च्या जागी १२ उरलेत, म्हणजे उभं प्रत्येक माप दीडपट दबलेलं आहे. अशा चित्रावर कोनमापक ठेवून जो आकडा येतो तो त्या चित्रातला कोन असतो, वाफ्यातला नव्हे.

दुरुस्ती अवघड नाही. खुंटीतून एक आडवी रेघ मारा, लंबवर्तुळाच्या लांब अंगाला समांतर. दोरी जिथे कडेला भिडते तो बिंदू खुंटीपासून आडवा किती आणि उभा किती, हे पट्टीने मोजा. दोन्ही दोऱ्यांची मापं इथे द्या. कोनमापक बाजूला ठेवा.

---

लांजेकर

उजवी दोरी: उजवीकडे ७.९, खाली ३.०.
डावी दोरी: डावीकडे ३.२, खाली ५.८.
सगळं सेंटिमीटरमध्ये.

---

आराखडा

छान. आता आडवी मापं तशीच ठेवा आणि उभी दीडपट करा.

उजवी दोरी: आडवं ७.९, उभं ४.५. आडव्या रेघेशी तिचा कोन साधारण २९.७ अंश.
डावी दोरी: आडवं ३.२, उभं ८.७. आडव्या रेघेशी कोन साधारण ६९.८ अंश.

दोन्ही दोऱ्या रेघेच्या खाली आहेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. म्हणून मधला कोन १८० − २९.७ − ६९.८ = ८०.५ अंश.

हीच रीत उभी मापं न ताणता केली तर २०.८ आणि ६१.१ येतात आणि मधला कोन ९८.१. तुमच्या कोनमापकाने अगदी हेच दाखवलं होतं. तुम्ही चित्र बरोबर मोजलंत, चित्रच दबलेलं होतं.

आपण केलेलं ताणणं योग्य आहे का, याची एक परीक्षा आहे. ताणल्यावर दोन्ही दोऱ्यांची लांबी सारखी यायला हवी, कारण दोन्ही त्रिज्याच आहेत. उजवी ९.१ येते, डावी ९.३. अपेक्षित ९, म्हणजे १८ च्या निम्मं. जो थोडा वाढावा दिसतो त्याचं कारणही तुमच्याच मापांत आहे: खुंटी उभ्या मापाच्या बरोबर मध्ये नाही, खाली ६.२ आणि वर ५.८. खालची बाजू कॅमेऱ्याला जवळ असल्याने किंचित मोठी आली. एक दोरी ९ आणि दुसरी ११ आली असती, तर मी या फोटोवर हिशेब करूच नका म्हटलं असतं.

---

हिशेबी_माणूस

तिरकेपणाचा मुद्दा मान्य. पण मग ८० अंशाला काका खरे ठरतात का, हे दुसऱ्या वाटेनेही बघायला हवं. कडेवरच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे जीवा, टेपने मोजता येते. तिचं सूत्र व्यास गुणिले निम्म्या कोनाची साइन. मी शीटमध्ये टाकलं:

```
=14*SIN(40)
```

उत्तर १०.४३ फूट. लांजेकर, काकांना फोन करून तेवढं माप घ्यायला सांगा. १०.४३ भरलं तर ८० अंश पक्के.

---

लांजेकर

फोन केला. काकांनी लगेच टेप लावला. दोन्ही टोकांमध्ये सरळ ९ फूट भरतात, इंच दोन इंच इकडेतिकडे. १०.४३ नाही. मी ९८ अंशांनी जीवा वहीवर काढली तर १०.५७ येते. हिशेबींच्या आकड्याच्या ती जवळ आहे, पण टेपच्या नाही. आता मला कुणाचंच कळेना.

---

आराखडा

टेपचं ऐका. हिशेबींनी सुचवलेली तपासणी उत्तम आहे, पण शीटमधलं SIN अंश ओळखत नाही, त्याला रेडियन लागतात. ४० टाकलं की ते ४० रेडियन समजतं. म्हणजे सहा फेऱ्या मारून वर थोडं उरतं आणि त्याची साइन योगायोगाने ०.७४५ येते. असं लिहायला हवं:

```
=14*SIN(RADIANS(40))
```

याचं उत्तर ९.०० फूट. टेपने दिलं तेच.

ही चूक उघडी पडत नाही. कंसाच्या सूत्रात रेडियनऐवजी अंश घातले असते तर ७ × ८० = ५६० फूट जांभा आला असता. अंगणाएवढा आकडा पाहून कुणीही थांबेल. साइनच्या बाबतीत उत्तर कायम उणे एक ते एकच्या मध्येच राहतं, म्हणून १०.४३ सारखा खरा वाटणारा आकडा येतो. इथे तर तो नेमका ९८ अंशांच्या चुकीच्या उत्तराशेजारीच येऊन बसला.

ते ओळखायला यंत्र नको. ६० अंशांची जीवा त्रिज्येएवढी, म्हणजे ७ फूट. ९० अंशांची जीवा त्रिज्येच्या १.४१४ पट, म्हणजे ९.९ फूट. ८० अंशांची जीवा या दोहोंच्या मध्येच कुठेतरी हवी. १०.४३ तिथे बसत नाही.

आता ८० अंश धरून:
८० × ३.१४१६ ÷ १८० = १.३९६ रेडियन
कंस = ७ × १.३९६ = ९.७७ फूट
क्षेत्रफळ = ½ × ४९ × १.३९६ = ३४.२ चौरस फूट

काकांचे पावणेदहा आणि चौतीस. २२/७ धरलं तर कंस ९.७८ येतो, एका सूतभरही फरक नाही. त्यासाठी पायवर वाद नको.

---

लांजेकर

काकांना विचारलं, तुम्ही चौतीस कसे काढलेत. म्हणाले, "गोलाईवरून सुतळी लावली, सोडून टेपवर धरली, पावणेदहा भरली. त्याला साताने गुणलं नि निम्मं केलं." कोन मोजलाच नाही! हे कसं चालतं?

---

आराखडा

काकांना माझा नमस्कार सांगा. पाकळीचं क्षेत्रफळ म्हणजे कंस गुणिले त्रिज्या, त्याचं निम्मं. ½r²θ मध्ये rθ म्हणजेच कंस, तो आयता सुतळीने मिळाला तर θ ची गरज उरत नाही. पाकळीचे केंद्रातून निघणारे बारीक बारीक त्रिकोण कल्पून बघा. प्रत्येकाची उंची जवळपास सात फूट आणि सगळ्यांचे पाये मिळून सुतळीची लांबी.

रेडियनही या सुतळीतच आहे. सात फुटांची एक सुतळी घ्या आणि कडेवर गोलाईने पसरा. ती पावणेदहा फुटांत एकदा पूर्ण बसते आणि पुन्हा ०.४ भाग बसतो. तो १.४ म्हणजेच तुमच्या पाकळीचे रेडियन. वर्गात मी हे फळ्यावर न सांगता गोल टेबलावर दोरा लावून दाखवायचो, मुलांना मग १८० आणि पाय पाठ करावे लागत नसत.

---

शिवणवेडी

हा धागा मला फार वेळेवर सापडला. मला पाऊण घेराचा अंब्रेला स्कर्ट बेतायचा आहे. कंबर ७० सेंटिमीटर. नेटवर एका स्कर्टचा जमिनीवर पसरलेला फोटो आहे, त्यावरून कोन आणि आतल्या गोलाची त्रिज्या काढायची होती. त्या फोटोतही मी वरचीच ताणायची रीत वापरू का?

---

आराखडा

ताई, तुम्हाला फोटो लागणारच नाही. लांजेकरांना त्रिज्या माहीत होती आणि कंस हवा होता, तुमचं उलट आहे. कंस म्हणजे कंबर, ती ७० ठरलेली. कोन तुम्हीच ठरवलात, पाऊण वर्तुळ म्हणजे २७० अंश, म्हणजे ४.७१ रेडियन. त्रिज्या = ७० ÷ ४.७१ = १४.९ सेंटिमीटर. पूर्ण घेर हवा असता तर ७० ÷ ६.२८ = ११.१.

शिवाय कापडाचा फोटो ताणून कोन काढणं मुळातच धोक्याचं. जमिनीवर पसरलेल्या स्कर्टला चुण्या असतात, तो सपाट वर्तुळाचा भाग राहत नाही.

---

शिवणवेडी

धन्यवाद काका. मग शिलाईसाठी जी माया सोडते ती कंबरेत मिळवून त्रिज्या काढायची ना? दोन्ही बाजूंना दीड दीड सेंटिमीटर सोडते. ७३ ÷ ४.७१ म्हणजे १५.५.

आणि वरची कडसुद्धा कंबरपट्टीत दुमडली जाते. ती दुमडली की शिवण आतल्या गोलाच्या थोडी खाली येते, म्हणजे त्रिज्या वाढते आणि कंबर सैल होते. माझे आधीचे दोन्ही स्कर्ट सैल झाले त्याचं कारण हेच असणार. आज जुन्या साडीवर कापून बघते.

---

बारावीची_आई

आता सगळं नीट वाचलं. एक शंका. मुलीच्या पुस्तकातल्या आकृतीचा फोटो आम्ही मोबाइलने काढतो आणि मी तो शिकवणीच्या सरांना पाठवते. आकृतीत ६० अंश छापलेत, फोटोवर मोजले तर ५२ भरले. मग तिथेही ताणायचं का?

---

हिशेबी_माणूस

तिथे नको ताई. आकृतीत आकडा छापलेला असेल तर तोच धरायचा, पुस्तकातली आकृती कच्चीही असू शकते. मोजायचं फक्त तेव्हा, जेव्हा आकडा दिलेलाच नसतो. आणि तेव्हा पुस्तक सपाट ठेवून मोबाइल बरोबर वर धरा. पान शिवणीजवळ वळलेलं असेल तर कुठल्याही एका पटीने ताणून ते सरळ होणार नाही.

आराखडाकाका, मला अजून एक विचारायचंय. ड्रोन शंभर फुटांवर होता म्हणून हे जमलं. घराच्या गच्चीवरून फोटो काढला असता तर?

---

आराखडा

तर खुंटीच्या खालचा भाग आणि वरचा भाग यांत चांगलीच तफावत आली असती. कॅमेरा जवळ आला की वाफ्याची अलीकडची कड पलीकडच्या कडेपेक्षा खूपच मोठी दिसते. मग फोटोतल्या लंबवर्तुळाचा मध्य आणि वर्तुळाचं खरं केंद्र एका जागी राहत नाहीत. केंद्र पलीकडच्या बाजूला सरकतं. लांजेकरांच्या फोटोत खुंटी दिसत होती म्हणून आपण वाचलो. खुंटी नसती आणि त्यांनी लंबवर्तुळाचा मध्य काढून तिथून मोजलं असतं, तर चूक झाली असती.

गच्चीवरूनच फोटो घ्यायचा असेल, तर वाफ्याला बाहेरून टेकणारा चौकोन चार खुंट्या आणि दोरीने आखून घ्या. चारही बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे तो खरा चौरस. कागदपत्रं स्कॅन करायच्या ॲपमध्ये त्याचे चार कोपरे धरले की फोटो चौरसात सरळ होतो आणि वर्तुळ पुन्हा वर्तुळ दिसतं. चौरसाऐवजी आयत आला तर आधी रुंदी आणि उंची सारखी करून घ्यायची. चौरसाचे कर्ण जिथे छेदतात तिथे केंद्र. मग कोनमापक खुशाल ठेवा.

आणि वाफा फोटोच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. मोबाइलची रुंद भिंग कोपऱ्यातल्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ओढते.

---

लांजेकर

सगळ्यांचे आभार. काकांना ३४ सांगून टाकणार होतो, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. जांभ्याचे तुकडे सहा इंच रुंद आहेत. ते कडेच्या आत बसवायचे की बाहेर, असं विचारत होते. आत बसवले तर लॉनची त्रिज्या साडेसहा फूट उरते. मी करून बघितलं: ½ × ४२.२५ × १.३९६ = २९.५ चौरस फूट. एवढ्याशा पट्टीने पावणेपाच चौरस फूट खाल्ले?

---

आराखडा

हिशेब बरोबर आहे. पट्टी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात लांब कडेवर बसते म्हणून एवढं जातं. बाहेर बसवली तर लॉन ३४ राहील, पण मग तुकड्यांची बाहेरची कड साडेसात फुटांच्या त्रिज्येवर जाईल, ७.५ × १.३९६ म्हणजे साडेदहा फूट. तुकडे सरळ कापलेले असतील तर बाहेरच्या बाजूला फटी पडतील.

पण त्याआधी एक विचारा. काकांनी १४ फूट व्यास एकाच दिशेने मोजला का? हाताने आखलेला वाफा दुसऱ्या दिशेने पावणेचौदा भरला, तर फोटोतल्या १८ आणि १२ मधला काही भाग तिरकेपणाचा नसून वाफ्याचाच असेल. मग आपली दीडपट थोडी हलेल. जीवेचे ९ फूट मात्र टेपचे आहेत, तेवढ्यावर मी विसंबेन.

---

लांजेकर

एकाच दिशेने मोजला आहे, पूर्व-पश्चिम. दुसरं माप उद्या सकाळी घेतील, आज तिथे पाऊस आहे. आकडा आला की टाकतो.